दोनदा धुतलेलं तोंड

डेपोत त्याला सगळे बिनखाडे म्हणत. ते काही त्याचं खरं आडनाव नव्हतं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही खाडा केला नव्हता, म्हणून एका खोडकर मेकॅनिकने हे आडनाव त्याला बहाल केलं आणि ते कायमचं चिकटलं. सुरुवातीला तो चिडायचा. पुढे पुढे त्याला त्यात मोठेपणा वाटायला लागला. कंट्रोलर फोनवर "बिनखाडे आलेत ना, मग चिंता नाही" असं कुणाला तरी सांगत असला की याची छाती दोन इंच फुगायची.

त्या आठवड्यात त्याच्या अंगावर पित्त उठलं. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत लाल गांधी आणि खाज अशी, की माणसाने अंगावरची कातडी उतरवून खुंटीला टांगावी. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. रात्री झोपताना एक, बस्स. औषधवाल्याने पाकीट पुढे सरकवताना चष्म्यावरून पाहिलं.

"काम काय करता?"

"बस चालवतो."

"मग ही घेऊन गाडी चालवायची नाही. गुंगी येते. सकाळी उठल्यावर डोकं जड वाटलं तर सकाळीसुद्धा नाही. दिवसाच त्रास होत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते दुसरी बघतील."

त्याने मान डोलावली. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनेही ऐकलं. गोळ्यांच्या पट्टीवर तेच बारीक अक्षरात छापलेलं होतं, आणि औषधवाल्याने त्याखाली पेनाने एक रेघही मारून दिली.

तीन दिवस त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. चौथ्या दिवशी सकाळी आठलाच खाज पुन्हा उसळली. दहाची ड्यूटी होती. त्याने पट्टीतून आणखी एक गोळी काढली.

"अहो, ती रात्रीची ना?" बायकोने विचारलं.

"मग काय एका हाताने खाजवू आणि एका हाताने स्टिअरिंग धरू?"

पाण्याचा पेला तिनेच भरून दिला.

डेपोत कंट्रोलरच्या खिडकीपाशी एक रजिस्टर असायचं. गाडी हातात घेण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने त्यात सही करायची. वर छापलेलं होतं की मी गाडी चालवण्यास तंदुरुस्त आहे, मद्य किंवा गुंगी आणणारे औषध घेतलेले नाही. बिनखाडेने ते वाक्य नोकरीच्या पहिल्या दिवशी वाचलं होतं, त्यानंतर कधी नाही. त्या दिवशी मात्र सही करताना त्याची नजर 'औषध' या शब्दावर क्षणभर थांबली. खिडकीपलीकडे कंट्रोलर चहा पीत होता. सांगावं का? पण सांगायचं काय, की अंगाला खाज येते? संध्याकाळपर्यंत सगळ्या डेपोत बोभाटा झाला असता की बिनखाडे शेवटी घरी बसला, आणि कशापायी, तर खाजेपायी. त्याने सही केली आणि चावी उचलली.

पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीत पापण्यांना कुणीतरी शिशाचे गोळे बांधल्यासारखं व्हायला लागलं. त्याने काच पूर्ण खाली केली. रस्त्याकडेच्या दुकानांच्या पाट्या मनातल्या मनात वाचत राहिला. शेवटच्या थांब्यावर गाडी लावून तो नळाशी गेला आणि खळखळून तोंड धुतलं.

कंडक्टर बाई होती, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. गेली चार वर्षं दोघांची ड्यूटी बहुतेक एकत्रच लागायची. ती दारात उभी राहून बघत होती.

"भाऊ, बरं आहे ना?"

"ऊन लागतंय जरा."

तिसऱ्या फेरीआधी तो पुन्हा नळाशी गेला. या वेळी तोंड धुतलं आणि ओला रुमाल मानेवर टाकला. कंडक्टरताई म्हणाली, "डेपोला फोन लावू का? दुसरा ड्रायव्हर पाठवतील. अर्धा तास बसू आपण इथेच."

"कशाला? दोन फेऱ्या तर राहिल्यात, ताई."

पुढचं त्याला नीट आठवत नाही. बँकेसमोरचा सिग्नल हिरवा होता, एवढं आठवतं. मग एक मोठा आवाज झाला, काचेचे तुकडे मांडीवर आले आणि लोक ओरडायला लागले. दुपारचे अडीच वाजले होते. बस फुटपाथवर चढून एका घड्याळदुरुस्तीच्या टपरीत घुसली होती. गाडीतल्या कुणाला खरचटलं, कुणाचा दात हलला. टपरीतल्या म्हाताऱ्या घड्याळजींचा डावा पाय मात्र लोखंडी पेटीखाली चिरडला होता. ते ओरडत नव्हते. डोळ्याला लावायचं भिंग अजून कपाळावर तसंच होतं, आणि ते समोर बघत होते.

पोलिसांनी त्याला फुंकर मारायला लावली. मशीनवर शून्य आलं. दवाखान्यात रक्त घेतलं, तेही दारूसाठीच तपासलं. त्यातही काही निघालं नाही. मग पोलीस ठाण्यात एका शांत चेहऱ्याच्या हवालदाराने वही उघडून विचारलं, "काय झालं?"

"अचानक डोळ्यांपुढे अंधारी आली."

त्याने हे वाक्य आधी ठरवलेलं नव्हतं. ते आपसूक तोंडातून बाहेर पडलं. हवालदाराने ते जसंच्या तसं लिहून घेतलं, लायसन्स जमा केलं आणि जामीन झाल्यावर घरी पाठवलं.

डेपोने त्याला निलंबित केलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता घरी होता आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. दवाखान्यात साखर तपासली, हृदयाचा आलेख काढला, डोक्याचा फोटो काढला. सगळं ठणठणीत निघालं. इतर कुणाला याचा आनंद झाला असता.

युनियनने वकील दिली होती. तिचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं आणि बोलताना खालून मशीनची खरखर ऐकू यायची. आवाज मऊ असला तरी तिचे प्रश्न सुईसारखे होते.

"आरोप काय आहे ते आधी समजून घ्या," ती म्हणाली. "निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केली, असा. आता, माणूस खरोखर काही पूर्वसूचना नसताना बेशुद्ध पडला, आधी असं कधी झालेलं नव्हतं, होईल असं वाटायला काही कारणही नव्हतं, तर त्याला दोषी धरता येत नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं."

"आणि झोप लागली तर?"

तिने पेन खाली ठेवलं. "झोपलेला माणूसही काही करत नसतोच. म्हणून कायदा झोपेत काय झालं ते बघत नाही. त्याच्या आधीची मिनिटं बघतो. डोळे जड झालेत हे कळलं होतं का? आजारी आहे हे ठाऊक होतं का? गुंगीचं औषध घेतलं होतं का, कुणी बजावलं होतं का? कळूनही गाडी बाजूला घेतली नाही, तर गुन्हा तिथेच घडतो. टपरी नंतर येते."

"औषध डॉक्टरने दिलेलं असलं तरी?"

"तरी. चिठ्ठी ही औषध घ्यायची परवानगी असते, गाडी चालवायची नव्हे." मग तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "एक सांगून ठेवते. तुम्ही मला जे सांगाल ते माझ्यापाशीच राहील. पण एकदा खरं कळल्यावर मी तुम्हाला कोर्टात उभं करून खोटं बोलू देणार नाही. तुम्हाला गप्प राहायचा हक्क आहे. सिद्ध करायचं काम सरकारी पक्षाचं. तेव्हा सावकाश विचार करा आणि मग बोला."

त्याने सावकाश विचार केला आणि काहीच बोलला नाही.

घरी आल्यावर त्याने कपाटातला औषधांचा डबा काढला. तापाच्या गोळ्या, बाम, बायकोचं पोटाचं औषध, सगळं होतं. ती पट्टी नव्हती.

बायको शिवणयंत्रावर बसली होती. पायडल न थांबवता म्हणाली, "शोधू नका. टाकून दिली मी, त्याच दिवशी."

"का?"

"का म्हणजे? घरात कुणी आलं असतं, बघितलं असतं." आता पायडल थांबलं. "तुम्ही गोळी घेतली हे ठाऊक कुणाला आहे? मला आणि तुम्हाला. त्या औषधवाल्याकडे दिवसाला शंभर माणसं येतात. आणि पेला मी दिला होता. मी हातातून काढून घ्यायला हवी होती ती गोळी. मी पाणी दिलं."

त्याला वाटलं होतं आपण रागावू. पण राग आला नाही. तो स्टुलावर बसून राहिला आणि तिने पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली. एकाच शिवणीवरून तिने तीनदा टीप मारली.

दोन दिवसांनी दुपारी कंडक्टरताई आली. हातात सफरचंदांची पिशवी होती, जणू तोच दवाखान्यात आहे. बसली, पाणी प्याली, इकडचं तिकडचं बोलली. डेपोतला कुत्रा व्यायला, म्हणजे कुत्री होती हे आता कळलं, वगैरे. मग पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "भाऊ, माझा जबाब झाला."

"काय सांगितलंस?"

"मी मागे तिकिटं देत होते, मला काही दिसलं नाही, असं. अपघाताच्या वेळी खरंच मागेच होते मी." मग ती म्हणाली, "नळाचं विचारलं नाही त्यांनी. मीही सांगितलं नाही."

"बरं केलंस."

"पण कोर्टात शपथ घ्यावी लागेल म्हणे. सरकारी वकील विचारतील की ड्रायव्हर आधी कसा वाटत होता. मी सांगेन की नेहमीसारखाच. तुम्ही काळजी करू नका. मी दोन दिवस आरशासमोर म्हणून बघितलं, जमतंय." ती हसायला गेली आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं. "फक्त एक वाटतं. मी फोन लावायला हवा होता. तुम्हाला विचारत बसायला नको होतं. मला अधिकार होता, नियमातच आहे तसं. तुम्ही मोठे, म्हणून मी गप्प बसले."

ती गेल्यावर तो बराच वेळ बाहेरच्या कठड्यापाशी उभा होता. 'अंधारी आली' या त्याच्या एका वाक्याने काय काय केलं होतं, हे त्याला पहिल्यांदा एकत्र दिसलं. बायको शिवणयंत्रामागे लपून बसली होती. चार वर्षांत एकाही प्रवाशाशी खोटं न बोललेली बाई आरशासमोर खोटं पाठ करत होती. दोघीही आपापल्या माथी दोष घेत होत्या, आणि ज्याचा होता तो मोकळा फिरत होता. त्याला त्या नळाचं पाणी आठवलं. गार होतं. दोन्ही वेळा त्याने मनात म्हटलं होतं, आता नाही येणार झोप. म्हणजे येत होती. हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी जेवताना त्याने बायकोला सांगितलं, "मी सगळं सांगणार आहे."

ती घास हातात धरून बसली. "नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

"आणि तुरुंग?"

"तेही होऊ शकतं. वकीलबाईंना विचारू."

"बावीस वर्षं," ती म्हणाली.

"तेच तर. बावीस वर्षं खाडा नको म्हणून मी त्या दिवशी गेलो. एवढंच कारण होतं गं, दुसरं काही नव्हतं. कंट्रोलरने जबरदस्ती केली नाही. मी सांगितलं असतं आणि तरी त्याने गाडी दिली असती, तर तोही अडकला असता. पण मी सांगितलंच नाही."

तिने हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "मी पण येते उद्या वकीलबाईंकडे. पट्टी मी टाकली, हे मीच सांगेन."

वकीलबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही. औषधवाल्याचं बोलणं, रजिस्टरवरची सही, काच, पाट्या, नळ, पुन्हा नळ. शेवटी ती म्हणाली, "आता 'अचानक अंधारी आली' हा बचाव आपल्याकडे उरला नाही. गप्प राहिलात तर खटला चालेल, आणि खरं सांगायचं तर निकाल कसाही लागू शकतो. पुरावा त्यांच्याकडे फार नाही. गुन्हा कबूल केलात तर शिक्षा होईलच. कबुली, आजवरची स्वच्छ नोंद, हे न्यायाधीश विचारात घेतात. पण किती, ते मी सांगू शकत नाही. आश्वासन देणार नाही."

"कंडक्टरताईला साक्षीला यावं लागेल?"

"तुम्ही कबूल केलंत तर नाही."

"मग कबूल."

"रात्रभर विचार करा," ती म्हणाली.

"झाला करून," तो म्हणाला.

कबुली लेखी दिली गेली. त्यात औषधाचाही उल्लेख होता, त्यामुळे गाडी चालवण्यास अयोग्य असताना ती चालवल्याचा आरोपही जोडला गेला. पट्टी टाकल्याचं बायकोनेही लिहून दिलं. त्यावर वेगळी कारवाई झाली नाही, पण आठवडाभर जिन्यावर पावलं वाजली की ती सुई थांबवायची.

अपघातानंतर चार महिन्यांनी तारीख लागली. कोर्टाची खोली लहान होती. पंखा हळू फिरत होता आणि बाकांवर लोक आपापल्या फायली मांडीवर घेऊन बसले होते. न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं, आरोप समजला का, कुणी दबाव आणलाय का, कबुलीचा परिणाम काय होतो ते ठाऊक आहे का. त्याने प्रत्येक वेळी हो किंवा नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "स्वतःहून काही सांगायचंय?"

वकीलबाईंनी त्याला थोडक्यात बोलायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "मला झोप येत होती हे मला कळत होतं. मी दोनदा तोंड धुतलं. गाडी थांबवता आली असती. दुसरा ड्रायव्हर मिळाला असता. मी थांबवली नाही."

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ लिहिलं. मग निकाल वाचला. दंड, एक वर्ष लायसन्स निलंबित, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. घड्याळजींच्या नुकसानभरपाईचा दावा वेगळ्या कोर्टात चालू होता, तो तसाच चालणार होता. न्यायाधीशबाईंनी आणखी एक वाक्य म्हटलं, की तुरुंगात न पाठवण्याचं कारण कबुली आहे, चूक लहान आहे हे नव्हे.

कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे काय, हे त्याला तिथेच कळलं. खोलीच्या कडेच्या बाकावर बसायचं, दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. त्याला ते तुरुंगापेक्षा सोपं वाटलं आणि मग तासाभरात वाटेनासं झालं. एकामागून एक माणसं पुकारली जात होती. एक भांडण भिंतीवरून होतं, एक म्हशीवरून.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. कुबड्यांचा टकटक आवाज आला आणि घड्याळजी आत आले. साक्षीसाठी त्यांना बोलावलं होतं, आता साक्षीची गरज उरली नव्हती. ते त्याच्याच बाकावर, दोन हात अंतर ठेवून बसले. कुबड्या भिंतीला टेकवल्या.

बिनखाडेने उठायचा प्रयत्न केला.

"बसा," घड्याळजी म्हणाले. "मुलगा पाचला न्यायला येणार आहे. मला तरी कुठे जायचंय."

बराच वेळ दोघंही समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

"पाय कसा आहे?" त्याने शेवटी विचारलं.

"गुडघा वाकत नाही. टपरीत बसायचं तर मांडी घालावी लागते. आता घरी टेबलावर करतो थोडं थोडं काम." मग ते म्हणाले, "चार महिने मी समजत होतो तुम्हाला झटका आला. पोलिसांनी तसंच सांगितलं होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या मी मनात म्हणायचो, बिचारा, त्याचीही काय चूक. आता ते म्हणता येत नाही."

"नाही."

"तुमचा राग आलाय मला."

"हो."

"पण एक आहे." त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "आधी राग यायचा तो कुणावर काढावा ते कळायचं नाही. बायकोवर निघायचा, सुनेवर निघायचा. भाजी खारट झाली म्हणून मी ताट सारलं एकदा. आता निदान कुणावर रागवायचं ते ठाऊक आहे."

माफी मागायची बिनखाडेने ठरवली होती, घरून शब्द जुळवूनही आणले होते, पण ते सगळे आता फार गुळगुळीत वाटले. तो एवढंच म्हणाला, "माझी चूक आहे."

"ऐकलं मी ते मघाशी. मागे बसलो होतो."

सुट्टी संपली, लोक परत आले. दुपारभर दोघं त्याच बाकावर बसले होते. एकदा घड्याळजींनी पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली, आणि त्याने ती घेतली की नाही हे न बघता म्हशीच्या भांडणाकडे लक्ष दिलं. ते भांडण दुपारीही सुरूच होतं.

पाचला दहा कमी असताना न्यायाधीशबाई उठल्या. सगळे उभे राहिले. बिनखाडेही उभा राहिला आणि त्याने घड्याळजींपुढे हात केला. त्यांनी तो धरला नाही. बाकाचा कोपरा पकडून, पाय पुढे ताणून ते स्वतःच उठले आणि कुबड्या काखेत घेतल्या.

"दार तेवढं धरा," ते म्हणाले. "जड आहे ते."

त्याने पुढे जाऊन दार उघडलं आणि ते बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.